खालचा उजवा कोपरा

कचेरीत तिला सगळे घार म्हणायचे आणि ती या नावावर खूश होती. दोन ओळींमधलं अंतर केसभर जरी चुकलं तरी ते तिला दारातून आत येता येता दिसे, पर्स खांद्यावरून उतरायच्या आधी. मोबाइलवर बोटानं एकामागून एक सरकवत बघायची जी चित्रपानं असतात, ज्यांना या धंद्यात कॅरूसेल म्हणतात, ती बनवण्यात तिची बारा वर्षं गेली होती. दातांचे दवाखाने, गाद्यांची दुकानं, पोहण्याचे वर्ग, सगळ्यांची पानं तिच्या हाताखालून गेलेली. वय त्रेचाळीस. चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे आठच्या पुढे. काचा इतक्या जाड की मालक म्हणायचा, "घारीनं दुर्बीण लावलीय, आता कुणाची धडगत नाही."

मालक हेही खरं तर टोपणनावच. कचेरी त्याची होती, पण तो तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता आणि तिच्याशी बोलताना अजूनही खुर्चीवरून अर्धा उठायचा.

तिची काम तपासायची एक रीत होती. पान पूर्ण झालं की ती खुर्ची दोन हात मागे ढकलायची, उजवा डोळा मिटायची आणि डावा बारीक करून पानाच्या मधोमध रोखायची. असं बघितलं की अक्षरं वाचता येत नाहीत, नुसतं वजन दिसतं. कुठली बाजू जड झाली, कुठे काळं जास्त पडलं, ते लगेच कळतं. ही रीत ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. तिचे वडील, अण्णा, घड्याळं दुरुस्त करायचे. डाव्या डोळ्याला भिंग आणि उजवा मिटलेला, असं त्यांना तिनं लहानपणापासून बघितलं होतं. शाळेत तिनं पहिल्यांदा चित्र काढलं तेव्हा तिनंही उजवा डोळा मिटला होता, आणि बाई म्हणाल्या होत्या की या पोरीला काहीतरी खुपतंय.

तर त्या आठवड्यात काम आलं ते डोळ्यांच्या दवाखान्याचं. दिवसदिवस स्क्रीनसमोर बसणाऱ्यांसाठी सात पानांचं कॅरूसेल. मजकूर डॉक्टरबाईंनी स्वतः लिहून पाठवला होता, आणि तो इतका सरळ होता की घारीला त्यात काही दुरुस्त करायलाच मिळालं नाही. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघा. पापण्या मुद्दाम मिटा, कारण स्क्रीनकडे बघताना आपण पापणी मिटायची विसरतो आणि डोळा कोरडा पडतो. स्क्रीन हातभर लांब ठेवा, नजरेच्या किंचित खाली. खिडकीचा उजेड काचेवर पडू देऊ नका. पंख्याचा वारा थेट डोळ्यांवर नको. मनानं औषधाचे थेंब घालू नका.

आणि मग सहावं पान. ते सगळ्यात लांब होतं. विश्रांतीनं जाणार नाही, अशी चिन्हं. अचानक नजर कमी होणं. डोळा लाल होऊन ठणकणं, सोबत मळमळ आणि दिव्याभोवती रंगीत कडी. एकाची दोन दिसणं. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके वाढणं, विजेसारखे चमकारे, एका बाजूनं सावली सरकणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, दुखत नसलं तरी. शेवटचे तीन शब्द बाईंनी अधोरेखित केले होते.

मालकाला ते पान आवडलं नाही.

"घारताई, लोक तिसऱ्या पानापुढे जात नाहीत," तो म्हणाला. "आणि भीती दाखवली की बोट पुढे पळतं. हे सगळं शेवटच्या पानावर घ्या, दवाखान्याच्या वेळांच्या शेजारी. लहान अक्षरात."

"कुठे?"

"बसेल तिथे. खालच्या कोपऱ्यात."

तिनं वाद घातला नाही. धंद्याचा विचार केला तर त्याचं चुकत नव्हतं. तिनं ती चिन्हं शेवटच्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात फिकट राखाडी रंगात बसवली, आणि मोकळ्या झालेल्या सहाव्या पानावर डोळे मिटून हसणारा माणूस काढला.

हे सोमवारचं. पण गोष्ट सुरू झाली होती रविवारी, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी जिन्यातला दिवा गेला होता. ती भिंतीला हात लावत वर चढत होती, तेव्हा मान वळवली की डाव्या डोळ्याच्या कडेला लख्खकन काहीतरी चमके. आवाज नाही, दुखणं नाही. घरात येऊन दिवा लावला तर डोळ्यापुढे मिरपूड उधळल्यासारखे बारीक ठिपके. चष्मा तीनदा पुसला. ठिपके चष्म्यावर नव्हतेच, तर पुसून जाणार कसे? दमले असेन, म्हणून ती झोपून गेली.

सोमवारी डॉक्टरबाईंचा मजकूर पानांवर बसवताना काळे ठिपके हा शब्द तिच्या हाताखालून गेला, चमकारेही गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खरं सांगायचं तर मनात पाल चुकचुकली होती. पण तिनं त्यावर उपाय केला तो दुसऱ्या पानावरचा. वीस मिनिटांचा गजर लावला, खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी वीस सेकंद बघितली, पापण्या मिटल्या, पुन्हा बसली. दिवसभरात एकही गजर चुकवला नाही. शेजारच्या टेबलावर बसणारी चिमणी म्हणाली, "आपण बनवतो ते स्वतः करणारी तूच पहिली." ही चिमणी म्हणजे त्यांच्याकडे हलती चित्रं करणारी मुलगी. घार बसली म्हटल्यावर शेजारच्या टेबलाला दुसरं काय नाव मिळणार?

मंगळवारी दुपारी सातही पानं तयार झाली. घारीनं खुर्ची मागे ढकलली, उजवा डोळा मिटला, डावा बारीक केला.

खालचा उजवा कोपरा काळा होता.

काळा म्हणजे रंग चुकल्यासारखा नाही. तिथे कुणी हात आडवा धरावा तशी मऊ, करडी सावली. तिनं नजर त्या कोपऱ्यावर नेली, तर कोपरा स्वच्छ. मधोमध बघितलं की पुन्हा सावली. तिनं मॉनिटर तिरका केला, उजेड वाढवला, वायर काढून घातली.

"मॉनिटर गेला," ती म्हणाली.

"बघू," चिमणी म्हणाली आणि वाकून बघितलं. "मला तर ठीक दिसतोय."

"तुला नाही कळायचं. कोपऱ्यातला उजेड मेलाय. सरळ बघितलं की दिसत नाही, आडून दिसतं. स्वस्तातले असेच असतात."

चिमणीनं बिचारीनं आपला मॉनिटर दिला. तो जोडला, पानं उघडली, खुर्ची मागे, उजवा डोळा बंद. कोपरा काळाच. मग घारीनं ठरवलं की दोष फायलीत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. तिनं सातही पानांचा खालचा उजवा कोपरा हळूहळू उजळवला. थोडा, मग आणखी थोडा, सावली निघेपर्यंत. पूर्ण निघाली नाहीच. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की तोच कोपरा जरा उजळच वाटे, पण बारा वर्षं तिनं विश्वास ठेवला होता तो त्या एका मिटलेल्या आणि एका बारीक केलेल्या डोळ्यावर. तेव्हा खरं तेच, म्हणून तिनं पाच वाजता पानं डॉक्टरबाईंकडे पाठवली.

घरी अण्णा टेबलावर एक जुनं गजराचं घड्याळ उघडून बसले होते. धंदा बंद करून आठ वर्षं झाली, तरी शेजारीपाजारी काहीबाही आणून द्यायचे. आई गेल्यापासून घरात दोघंच. ती समोर बसली आणि सहज, अगदी सहज, उजवा डोळा मिटून तिनं त्यांच्या कपाळाकडे बघितलं.

अण्णांचा घड्याळ धरलेला हात नव्हता. दंडापर्यंत शर्ट होता, आणि पुढे करडं काहीतरी.

तिनं डोळा उघडला, हात आला. मिटला, गेला. मग भिंतीकडे बघितलं, दाराकडे, खिडकीकडे. जिकडे बघेल तिकडे खालच्या उजव्या कोपऱ्यात तीच सावली. मॉनिटरची सावली मॉनिटरवर राहते. ही तिच्यासोबत घरी आली होती.

त्या क्षणी तिला सगळं कळलं, आणि हेच भीषण होतं. दुसरं कुणी असतं तर चार दिवस अंदाज बांधत बसलं असतं. तिला तो मजकूर तोंडपाठ होता. एका बाजूनं सावली सरकणं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुखत नसलं तरी. तिनंच तो लहान करून कोपऱ्यात घातला होता, तिला न दिसणाऱ्या कोपऱ्यात.

पण ती उठली नाही. त्याला कारण आत्या होती.

अण्णांची थोरली बहीण, त्यांची अक्का, कपडे शिवायची. डोळ्याला काहीतरी झालं, ऑपरेशनला नेलं, आणि ती एक डोळा गमावून परत आली. घरात ही गोष्ट याच शब्दांत सांगितली जाई: ऑपरेशननं डोळा गेला. घार तेव्हा नऊ वर्षांची. आत्याच्या पट्टीखालचं तिनं कधी बघितलं नाही, पण आत्या पुढे सुईत दोरा ओवायला तिला बोलवायची आणि ओवून झाला की सुई हातानं चाचपून घ्यायची, ते तिला आठवत होतं. आता घारीचे हात, तिचं पोट, अण्णांची औषधं, सगळं या डोळ्यांवर चाललेलं. तिथे कुणी सुरी लावणार, या नुसत्या विचारानं तिच्या तोंडचं पाणी पळालं. निदान अजून अर्धा तर दिसतोय, असं तिनं स्वतःला सांगितलं. भ्यालेल्या माणसाला हिशेब सुचतात, पण ते सगळे उलटे सुचतात.

बुधवारी सकाळी सावली वाढली होती. आदल्या दिवशी खिडकीचे खालचे दोन गज जात होते, आज चार. एकूण नऊ होते. ती कामावर गेली, वीस मिनिटांचा गजर लावला आणि पाण्याची टाकी बघू लागली. वीस सेकंदांचे चाळीस केले. कोमट पाण्यात बुडवलेला रुमाल डोळ्यांवर ठेवला. चिमणीशी हसून बोलली. हे सगळे उपाय दमलेल्या डोळ्याचे, आणि तिचा डोळा दमलेला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तरी ती ते करत राहिली, कारण दुसरं काही करायची तिला भीती वाटत होती.

अकरा वाजता मालक फोन घेऊन आला. "डॉक्टरबाई. ज्यांनी पानं केली त्यांच्याशीच बोलायचंय म्हणतात."

"पानं छान झालीत," पलीकडून बाई म्हणाल्या. आवाज शांत. "एकच विचारायचं होतं. सातही पानांचा खालचा उजवा कोपरा पांढरा का पडलाय?"

घारीनं पडद्याकडे बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. कोपरा खरोखर पांढराफटक होता. त्या पांढऱ्यात चिन्हांची राखाडी अक्षरं विरघळून गेली होती. 'त्याच दिवशी' हे शब्द शोधूनही सापडत नव्हते. बारा वर्षांत तिनं इतकं वाईट काम कधी बाहेर पाठवलं नव्हतं.

"मॉनिटरचा दोष आहे," ती म्हणाली. "तिथे काळं दिसत होतं."

"मॉनिटर बदलून बघितलात?"

"हो."

"आणि?"

घारीनं चष्मा काढून पुसला. बाईंनीच पुढे विचारलं.

"तुम्हाला चष्मा आहे का? नंबर किती?"

"आठच्या वर."

"काम तपासताना तुम्ही एक डोळा मिटता का हो?"

"सवय आहे," घार म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"ऐका. पानं राहू द्या. तुम्ही निघा आणि दवाखान्यात या. उद्या नाही, आत्ता. गाडी स्वतः चालवू नका, कुणाला तरी सोबत आणा. येताय ना?"

"येते," घार म्हणाली.

मालकाला तिनं डोकं दुखतंय असं सांगितलं आणि घरी गेली.

आता इथे तिला कुणी शहाणं म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. डॉक्टर स्वतः बोलावतेय आणि ही दुसऱ्या दिशेला जातेय. पण तिच्या डोक्यात आत्याची सुई होती. घरी जाऊन दार लावून बसायचं, एवढंच तिला दिसत होतं. पाचावर धारण बसलेला माणूस घराकडेच पळतो, मग घर जळत का असेना.

अण्णा घड्याळाचा मागचा पत्रा बसवत होते. तिनं त्यांना जेवलात का विचारलं, पाणी प्यायली आणि खिडकीशी उभी राहिली. उजवा डोळा झाकला. डावा झाकला. पुन्हा उजवा झाकला. पाच गज गेले होते.

"कधीपासून?" मागून अण्णांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"अक्काही अशीच उभी राहायची. इथे नाही, जुन्या घरात. एक डोळा झाकायची आणि समोरच्या कुंपणाच्या पट्ट्या मोजायची. आज किती गेल्या ते बघायला."

ती वळली. अण्णांनी भिंग काढून ठेवलं होतं. त्यांचे हात टेबलावर पालथे पडले होते, आणि ते हात कामाशिवाय असे पडलेले तिनं फार वेळा बघितले नव्हते.

"कालपासून," ती म्हणाली. "चमकत होतं ते रविवारपासून. अण्णा, मला डॉक्टरांनी बोलावलंय. मी नाही जाणार. आत्याचा डोळा ऑपरेशननंच गेला ना?"

अण्णांनी घड्याळ बाजूला सारलं.

"ऑपरेशननं नाही गेला," ते म्हणाले. "उशिरानं गेला."

"तुम्हीच तर सांगत आलात."

"मीच सांगत आलो. ती पहिल्यांदा माझ्याकडे आली होती. म्हणाली, डोळ्यात सावली येते रे. मी म्हणालो, रात्रंदिवस शिवतेस, दमला असेल डोळा. आराम दे. मला काय कळत होतं? पण भिंग लावून बसायचो ना, तेव्हा डोळ्यांचं मलाच कळतं असं सगळ्यांना वाटायचं. तिनं आराम दिला. साडेतीन महिने दिला. मशीनवर कापड झाकून ठेवलं. सावली पार मधोमध आली तेव्हा आम्ही गेलो. डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात आणायला हवं होतं. तरी प्रयत्न केला त्यांनी."

"मग ऑपरेशनचं नाव का सांगितलं?"

"दुसरं काही सांगितलं असतं तर माझं नाव निघालं असतं," अण्णा म्हणाले. "अक्कानं कधी काढलं नाही. ती गेल्यावर तर कुणी विचारलंच नाही."

घार भिंतीला टेकली. तिला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा भीती मोठी होती, आणि भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी त्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर होतं. तिला वाटलं, आपण इथे आणखी एक तास उभं राहिलो तर हा माणूस दुसऱ्यांदा तेच ओझं उचलील.

अण्णा उठले. चप्पल घालताना त्यांचा तोल गेला, तो त्यांनी दाराला धरून सावरला. "चल," ते म्हणाले. "मला एवढ्यासाठी तरी चालता येतं."

दवाखान्यात डॉक्टरबाई वाट बघत होत्या. रागावल्या नाहीत. डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ घार अण्णांचा हात धरून बाकावर बसली. समोरच्या भिंतीवरची सगळी अक्षरं एकेक करून धूसर झाली. मग बाईंनी कपाळावर दिवा बांधला, हातात भिंग घेतलं आणि तिला वर बघ, खाली बघ, डावीकडे बघ असं सांगत त्या वाकल्या. तो उजेड इतका होता की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाणी नुसत्या उजेडाचं नव्हतं.

"डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ पडदा असतो," बाई म्हणाल्या. "त्याच्यावर चित्र उमटतं. तुमच्या डाव्या डोळ्यातला तो वरच्या बाहेरच्या बाजूला फाटलाय आणि तिथून सुटत चाललाय. चित्र आत उलटं उमटतं, म्हणून वरचं सुटलं की सावली खाली दिसते."

"इतकी वर्षं स्क्रीन बघितली म्हणून?"

"नाही. स्क्रीननं डोळा दमतो, कोरडा पडतो, डोकं दुखतं. पडदा सुटत नाही. मोठा उणे नंबर असला की हा धोका जास्त, घरात कुणाला झालेलं असलं तर आणखी जास्त. आहे का कुणाला?"

घारीनं अण्णांकडे बघितलं नाही. अण्णा म्हणाले, "माझ्या बहिणीला."

"गोम इथेच आहे," बाई कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या. "स्क्रीनवर काम करणारा माणूस सगळं स्क्रीनच्या नावावर टाकतो. म्हणून ते सहावं पान लिहिलं होतं."

ते सहावं पान कुठे गेलं होतं हे बाईंना माहीत होतं, आणि त्या बोलत नव्हत्या.

"डोळा जाईल?" तिनं विचारलं.

"मधला भाग, ज्यानं वाचतो, तो अजून जागेवर आहे. सुटलेला भाग त्याच्यापासून फार लांब नाही. मी मोठ्या रुग्णालयात पडद्याच्या सर्जनना कळवलंय, ते उद्या सकाळी सगळ्यात आधी तुम्हाला घेतील. तोवर धावपळ नको. शंभर टक्के कुणीच सांगत नाही, मीही सांगणार नाही. पण आज आलात. शनिवारी आला असतात तर मी वेगळं बोलले असते."

सकाळी रुग्णालयात तिला चाकाच्या खाटेवरून आत नेलं. डोळ्याभोवती सुई दिली, चेहऱ्यावर हिरवं कापड घातलं. जागी होती ती. भूल फक्त डोळ्याला. कुणीतरी तिचा हात धरला होता, आणि ती मनात तेच म्हणत होती, जसं लहान मूल पाढे म्हणतं: वीस मिनिटं, वीस फूट, वीस सेकंद. दुसरं काही आठवतच नव्हतं.

आत फाटलेली जागा चिकटवली आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. तो बुडबुडा पडदा दाबून धरणार, आणि त्यानं बरोबर त्या जागी दाबावं म्हणून तिनं दिवसाचे बहुतेक तास उजव्या कुशीवर पडून राहायचं होतं. किती दिवस, ते पहिल्या तपासणीत कळणार. बुडबुडा विरेपर्यंत विमानात बसायचं नाही. दुखू लागलं किंवा काळोख वाढला तर त्याच दिवशी यायचं. त्याच दिवशी, नर्स पुन्हा म्हणाली, आणि घार म्हणाली, "मला पाठ आहे."

तर ती घरी उजव्या कुशीवर पडली. डाव्या डोळ्यानं नुसता उजेड आणि अंधार कळे. हात हलला एवढं समजे, बोटं मोजता येत नसत. असंच असतं म्हणाले होते. पण असंच असतं आणि असंच राहिलं यातला फरक कुणीच सांगू शकत नव्हतं. दर तासाला ती पट्टीच्या फटीतून उजेड आहे ना बघायची. दर तासाला भीती नवी व्हायची. अण्णा खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर येईल अशी ओढून बसायचे, आणि ठरलेल्या वेळी, घड्याळाचा स्क्रू बसवावा इतकं जपून, थेंब घालायचे.

तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. अण्णांनी तो तिच्या डाव्या कानाशी धरला.

"घारताई, कशा आहात?" आणि लगेच पुढे, "चिमणीनं मॉनिटर परत घेतला. म्हणते, तो चांगलाच होता."

"चांगलाच होता."

"ती डोळ्यांची पानं अडकलीत. बाई म्हणाल्या, तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. काय करू?"

"बाई काय म्हणाल्या सहाव्या पानाबद्दल?"

"काही नाही म्हणाल्या. मीच काढायला लावलं होतं, ते त्यांना सांगितलं."

घारीनं डोळे मिटले. दोन्ही. मग ती त्याला उशीत तोंड अर्धं दाबलेल्या आवाजात सांगू लागली, आणि तो लिहून घेऊ लागला. हसणारा माणूस काढून टाक. चिन्हं सगळी परत मोठी कर, काळ्या शाईत. आणि ते पान पहिलं घे.

"पहिलं? ताई, पहिल्याच पानावर भीती?"

"पहिलं. वर मोठ्या अक्षरात एवढंच: एक डोळा झाका. आता दुसरा. दोन्हीकडे सारखंच दिसतंय का? वीस-वीस-वीस त्याच्या मागून येऊ दे."

"बरं. आणि तो पांढरा कोपरा मी नीट करून घेतो, मूळ रंगात."

"नको," ती म्हणाली. "पहिल्या पानाचा खालचा उजवा कोपरा काळा कर. एकदम नाही, मऊ. कुणी हात आडवा धरल्यासारखा. मी आले की तपासून देईन."

मी आले की. हे शब्द तोंडून गेल्यावर तिला कळलं की तिनं ते खात्रीनं म्हटलं नव्हतं.

"पण ताई," मालक म्हणाला, "लोकांना वाटेल त्यांच्या फोनचाच कोपरा गेलाय."

"वाटू दे," घार म्हणाली. "मलाही तसंच वाटलं होतं."